पाचशे पाचमधले दोन पाच

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एक तरुण आई मला दारात गाठून म्हणाली, "सर, मुलगा पाचशे पाच लिहायला सांगितलं की ५००५ लिहितो. किती वेळा रागावले, तरी तेच." मी तिला म्हटलं, रागावू नका, पुढच्या वेळी यावरच बोलू. तर आजचा विषय तोच. एकच पाच. तो ५० मध्ये पन्नास होतो, ५०० मध्ये पाचशे होतो, आणि ५०५ मध्ये एकदा पाचशे आणि एकदा नुसता पाच. आकृती बदलत नाही, किंमत बदलते. हे कसं होतं?

माझा विषय तत्त्वज्ञान, गणित नाही. पण या प्रश्नाशी माझी गाठ वर्गात पडली नाही, एका भांडणात पडली. तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. ओसरीवर दहाबारा बाया जमलेल्या, मध्ये लोखंडी पेटी आणि बचत गटाची नोंदवही. वातावरण तापलेलं. वहीप्रमाणे पेटीत १३,८४५ रुपये हवे होते. मोजले तर ९,३४५ निघाले. साडेचार हजार कमी! पेटी जिच्या घरी असायची ती बाई रडकुंडीला आली होती. "म्या एक रुपया बी नाई घेतला जी," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. कोणी उघड बोलत नव्हतं, पण बाकीच्यांचे चेहरे बोलत होते. मी मास्तर, म्हणून वही माझ्या हातात आली.

मी वही वाचायच्या आधी एक गोष्ट केली. ४,५०० ला नऊने भागलं. पूर्ण भाग गेला, उत्तर आलं ५००. मग मी वहीत अशी नोंद शोधू लागलो, जिच्यात पाचशेचे पाच हजार झाले असतील. तिसऱ्या पानावर सापडली. एकीने पाचशे रुपये कर्ज घेतलं होतं आणि महिन्याने शेकडा एक व्याजाने परत केलं होतं. मुद्दल पाचशे, व्याज पाच. समोर आकडा होता ५००५. वही लिहिणारी बाई चौथी शिकलेली. मी विचारलं, "ताई, हे किती?" ती म्हणाली, "पाचशे पाच." तिच्या दृष्टीने वहीत पाचशे पाचच लिहिलेलं होतं. बेरीज केली तिच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने. त्याने ते पाच हजार पाच वाचले, आणि त्याचंही चुकलं नाही.

नऊने का भागलं, ते पुढे सांगतो. आधी त्या ताईंनी काय केलं ते पाहू, कारण मला ती चूक फार शहाणी वाटते. त्यांना पाचशे लिहिता येत होतं, ५००. पाच लिहिता येत होता, ५. कानावर आलं पाचशे, मग पाच. त्यांनी पाचशेची खूण काढली आणि तिच्या शेजारी पाचाची खूण काढली. बोलण्यात आपण हेच करत नाही का? "पाचशे" आणि "पाच" हे दोन शब्द शेजारी ठेवले की ऐकणारा त्यांची बेरीज करतो. मग लिहिताना तसं का चालू नये?

चालत होतं! याच महाराष्ट्रात चालत होतं. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची ती वाट. घाटमाथ्यावर एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ केले, दक्षिणा दिली, गाई दिल्या, नाणी दिली, यांची ती यादी आहे. म्हणजे बघा, तोही एक हिशेबच. त्यातल्या आकड्यांचा नीट अभ्यास भगवानलाल इंद्रजी या पंडितांनी केला आणि त्यावरचा त्यांचा निबंध १८७६ साली आला.

त्या लेखात एक आकडा आहे चोवीस हजार चारशे, कार्षापण नावाच्या नाण्यांचा. आज आपण तो २४,४०० असा लिहितो, पाच अंकांत. नाणेघाटाच्या भिंतीवर तो फक्त तीन खुणांत आहे. पहिली खूण वीस हजारांची, दुसरी चार हजारांची, तिसरी चारशेची. संपलं. वाचणारा तिन्हींची बेरीज करतो. तिथे शून्य नाही आणि त्याची गरजही नाही. मघाशी पाच होता, आता चार घेतला म्हणून गोंधळू नका, गोष्ट तीच आहे. आपल्या २४,४०० मध्ये चार दोनदा येतो, अगदी एकसारखा. एक चार हजार आहे, दुसरा चारशे, आणि कोणता कोणता हे फक्त जागेवरून कळतं. नाणेघाटात तसं नाही. तिथे शंभराची एक वेगळी खूण आहे, हजाराची वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेच्या अंगाला चाराची खूण चिकटवायची, चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला. किंमत खुणेवरच लिहिलेली, ती कुठेही ठेवा.

खिशातल्या नोटांसारखं आहे हे. शंभराच्या पाच नोटा आणि पाचाचं एक नाणं मी टेबलावर कसंही पसरलं, नाणं आधी, नोटा मागे, तरी ते पाचशे पाचच. नोटेची किंमत नोटेवर छापलेली असते, ती कुठे पडली आहे यावर ठरत नाही.

तेव्हा आपल्या त्या ताई नागनिकेच्या लेखनिकाप्रमाणे लिहीत होत्या. पाचशेची खूण, मग पाचाची खूण. फरक इतकाच, की लेखनिकाची पाचशेची खूण खरोखर एकच, अखंड खूण असती. ताईंनी पाचशेची अखंड खूण समजून जे काढलं, ते तीन वेगळ्या अंकांचं बनलेलं होतं, आणि त्या तिघांना शेजारी चौथा येताच सरकावं लागलं. मुलांचंही हेच होतं. त्यांना ५०० ही एक आकृती वाटते, एखाद्या जोडाक्षरासारखी.

आता आपली रीत. इथे एकक, दशक, शतक अशी घरं आहेत. उजवीकडचं पहिलं घर सुट्यांचं. त्यात नऊपर्यंत मावतात. दहावा आला की त्या दहांचा एक गठ्ठा बांधायचा आणि तो डावीकडच्या घरात द्यायचा. तिथे तो 'एक' म्हणूनच मोजला जातो, कारण त्या घरात सुटी वस्तू मोजतच नाहीत, गठ्ठे मोजतात. दहा गठ्ठे झाले की त्यांचं एक पोतं, ते आणखी डावीकडे. म्हणजे पाच हा अंक प्रत्येक घरात 'पाच'च म्हणतो. पाच काड्या, पाच गठ्ठे, पाच पोती. मोजणी बदलत नाही, काय मोजलं जातंय ते बदलतं, आणि ते घर सांगतं. पाठ्यपुस्तकात याला अंकाची दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत म्हणतात. ५०५ मध्ये दोन्ही पाचांची दर्शनी किंमत पाच. डावीकडच्याची स्थानिक किंमत पाचशे, उजवीकडच्याची पाच.

आणि मधलं शून्य? पाटीवर उभ्या रेघा ओढून घरं आखलेली असतील, तर शून्य लिहायची गरजच नाही. शतकाच्या घरात पाच, एककाच्या घरात पाच, मधलं घर रिकामं, सगळ्यांना दिसतंय. पण रेघा पुसल्या तर? ५ ५. हे पंचावन्न की पाचशे पाच? मधली मोकळी जागा एका घराची की नुसतं अक्षर लांब पडलंय? म्हणून रिकाम्या घरात एक खूण ठेवावी लागते, की इथे घर आहे, पण आत कोणी नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यात बागेची एक बाजू २७० हात आणि रोजच्या माळा ५०, असे आकडे आहेत, अगदी आपल्या रीतीने, शेवटी छोटं वर्तुळ काढून. नाणेघाटातल्या लेखनिकाला पन्नासासाठी स्वतंत्र खूण लागली असती. ग्वाल्हेरच्या माणसाने पाचच काढला आणि शेजारचं घर रिकामं असल्याची नोंद केली.

नफा काय झाला ते मोजून बघा. नाणेघाटाच्या रीतीत एक ते नऊच्या नऊ खुणा, दहा ते नव्वदच्या आणखी नऊ, शिवाय शंभराची आणि हजाराची. वीस खुणा पाठ. आपल्याला दहा पुरतात, आणि त्या दहांत कितीही मोठी संख्या लिहिता येते, कारण नवं घर बांधायला नवी खूण लागत नाही.

आमच्या दर्शनशास्त्रात या गोष्टीचा एक सुंदर उपयोग केलेला आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासभाष्य आहे. तिसऱ्या पादातल्या तेराव्या सूत्रावर भाष्यकारांपुढे प्रश्न असा, की वस्तू तीच राहून तिची अवस्था बदलते म्हणजे काय? ते दोन दाखले देतात. एक रेघेचा: तीच रेघ शतकाच्या जागी शंभर, दशकाच्या जागी दहा, एककाच्या जागी एक. आणि दुसरा बाईचा: ती एकच, पण तिला कोणी आई म्हणतं, कोणी मुलगी, कोणी बहीण. पुढे शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात रेघेचा हाच दाखला घेतला आहे. गंमत ही, की भाष्यकार गणित शिकवत नाहीयेत. त्यांना अवघड गोष्ट समजावायची आहे आणि त्यासाठी ते स्थानिक किंमत सोपं उदाहरण म्हणून वापरतात. म्हणजे त्यांच्या श्रोत्यांना ती अंगवळणी पडलेली होती.

मला त्यातला आईचा दाखला जास्त आवडतो. 'आई असणं' हा बाईच्या अंगावरचा तीळ नाही, की तिला एकटीला निरखून दिसेल. तो मुलाशी असलेला संबंध आहे. तसं 'पाचशे असणं' हे त्या पाचात कुठेही नाही. भिंग लावून बघा, सापडणार नाही. त्याच्या उजवीकडे दोन घरं आहेत, एवढ्यावर ते अवलंबून आहे. म्हणून ५०० च्या उजव्या अंगाला ताईंनी आणखी एक अंक लिहिला, तेव्हा पाचाला कोणी हात न लावता तो पाच हजार झाला. घरात नवं बाळ आलं, की सासूची आजी होते ना, तसं.

आता घरं दहापटीनेच का वाढतात? आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट असल्याचं सांगितलं आहे, पण दहा ही सोय आहे, सक्ती नाही. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपये, आणे, पै होते. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. दुकानदार ५-५-५ लिहायचा. त्यातला उजवा पाच म्हणजे पाच पै, मधला साठ पै, डावा नऊशे साठ पै. घरांची रीत तीच, फक्त एका घरातून दुसऱ्यात जाताना कधी बारा लागायचे, कधी सोळा. आमच्या वडिलांच्या पिढीने ती हातच्याची बेरीज कशी केली, त्यांचं त्यांनाच ठाऊक. सगळीकडे दहा झाले आणि पोरं सुटली.

मात्र मराठी मुलांची एक अडचण उरलीच आहे, आणि ती लिहिण्यात नाही, बोलण्यात आहे. पंचवीस म्हणा. आधी काय ऐकू आलं? पाच. मग वीस. लिहायचं मात्र आधी दोन, मग पाच. बावन्न म्हणा. आधी दोन ऐकू येतो, लिहायचा आधी पाच. म्हणून बावन्न सांगितलं की मूल २५ लिहितं. एकोणपन्नासमध्ये तर कहरच आहे. तिथे 'पन्नास' स्पष्ट ऐकू येतं आणि ४९ मध्ये पाच औषधालाही नाही. ऐकू न येणारे चार आणि नऊ मात्र आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? विधिमंडळापर्यंत विनोद झाले. त्या समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांचं म्हणणं याच अडचणीबद्दल होतं. मला विचाराल तर त्यांची तक्रार रास्त होती. भाषा म्हणून मला 'बावन्न' सोडवत नाही, पण मुलाला एकदा 'पन्नास दोन' म्हणून दाखवण्याने भाषेचं काय बिघडतं?

पण एक लक्षात घ्या. ती सुधारणा पाचशे पाचला उपयोगी पडत नाही. 'पाचशे पाच' हे नाव आधीच सरळ आहे, मोठं आधी, लहान नंतर. तरी मुलं चुकतात. कारण त्या नावात दशकाचं रिकामं घर ऐकूच येत नाही. आपण 'पाचशे, दशक नाही, पाच' असं म्हणत नाही. बोलताना रिकाम्या घराचा उच्चार नाही, लिहिताना मात्र त्याला जागा द्यावीच लागते. त्या आईंना माझं सांगणं एवढंच, की मुलाला शंभराच्या पाच नोटा आणि पाचाचं नाणं द्या, कागदावर तीन घरं आखा, आणि ज्याच्या त्याच्या घरात ठेवायला सांगा. मधलं घर रिकामं राहिलेलं त्याला दिसू द्या, तिथे शून्य त्यालाच लिहू द्या. आठ दिवसांनी रेघा काढून टाका. आणि ३०७, ८०२ अशा संख्या मुद्दाम घाला. १२५ वर चूक पकडता येत नाही, असं समजू नका. तिथेही हीच समजूत असेल तर मूल १००२५ लिहितं.

आता नऊचं राहिलं. अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते. म्हणजे मूळ एक पट होतीच, वाढली किती? नऊ पट. पाचशेचे पाच हजार झाले, वाढ साडेचार हजार, म्हणजे नऊ गुणिले पाचशे. म्हणून फरकाला नऊने भागलं की काय सरकलं तेच हाती येतं. ५०५ च्या जागी ५५० पडलं तर फरक ४५, भागाकार ५. म्हणजे पाचाचे पन्नास झाले. बावन्नचे पंचवीस झाले तर फरक २७, भागाकार ३. इथे दोन अंकांची अदलाबदल आहे आणि तो ३ म्हणजे पाच आणि दोनमधला फरक. जुने मुनीम ही युक्ती वापरायचे. पण हा पुरावा नव्हे. कोणी खरंच साडेचार हजार उचलले असते, तरी ४,५०० ला नऊने भाग गेलाच असता. युक्ती इतकंच सांगते, की माणसावर संशय घेण्याआधी वही बघा, आणि वहीत काय शोधायचं ते हे. खात्री झाली ती मूळ नोंद सापडल्यावर, आणि कर्ज घेतलेली बाई तिथेच बसली होती तिने "पाचशे पाचच देल्ले" म्हटल्यावर. पेटीवालीने डोळे पुसले. वहीवाल्या ताई मात्र चिडल्या माझ्यावर, "मंग ५०५ मध्ये पाचशे कोठी दिसते?" म्हणून. आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या दिवशी मला इतकं नीट देता आलं नव्हतं. पुढच्या पानापासून रकमेच्या रकान्यात उभ्या रेघा मारून दिल्या, तेवढं केलं.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय, "शून्य लावलं की दहापट होते असं आम्ही मुलांना शिकवतो, ते बरोबर का?" शिक्षक आहात ना? मग जपून. ५ चे ५० झाले तेव्हा दहापट शून्याने केली नाही. शून्याने एक घर अडवलं आणि पाच सरकला. दहापट सरकण्याने झाली. म्हणून ०५ लिहिलं तर पाच पाचच राहतो, कारण त्याच्या उजवीकडे काही आलं नाही. आणि दशांश चिन्हाच्या पुढे तर तुमचा नियम मोडतोच. घरं एककाच्या उजवीकडेही चालूच राहतात, प्रत्येक घर आधीच्याचा दहावा भाग. ०.५ म्हणजे एकाचे पाच दशांश. त्याला शून्य लावा, ०.५०. पाच हलला का? नाही, एककाच्या घरापासून तो तितक्याच अंतरावर आहे. पन्नास पैसे आणि अर्धा रुपया एकच. पण तेच शून्य चिन्हाला लागून आत घाला, ०.०५. आता पाच एक घर उजवीकडे ढकलला गेला आणि पाचच पैसे उरले. 'शून्य लावलं की दहापट' हे पाठ केलेलं मूल सहावीत इथेच अडकतं. त्याला विचारायचं इतकंच, पाच कोणत्या घरात होता आणि आता कोणत्या घरात आहे.